रक्तदाब असताना सर्दी-खोकल्याचं औषध निवडायचं कसं: पाकिटाची मागची बाजू वाचण्याची पद्धत

रक्तदाबाची गोळी रोज नेमाने घेणारा माणूस सर्दीसाठी सहसा डॉक्टरांकडे जात नाही. औषधाच्या दुकानातून एखादी गोळी किंवा सिरप आणतो, दोन-तीन दिवस घेतो आणि मोकळा होतो. चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या औषधाने बीपी काय वाढणार, असा सगळ्यांचाच समज असतो. पण चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या औषधांमध्ये रक्तदाबाशी थेट खेळणारी जी औषधं आहेत, त्यातली बरीचशी नेमकी सर्दीच्या पाकिटातच असतात.

अडचण अशी की सर्दीचं औषध म्हणजे बहुतेक वेळा एक औषध नसतंच. पाकिटावर ताप, अंगदुखी, वाहतं नाक, चोंदलेलं नाक अशा तक्रारी लिहिलेल्या असतात आणि प्रत्येक तक्रारीमागे आत एकेक घटक असतो. त्यातला एखादाच तुम्हाला चालणारा नसतो; बाकीचे निरुपद्रवी असतात. त्यामुळे कुठला ब्रँड घ्यावा याची यादी पाठ करून फार उपयोग होत नाही. एकाच नावाच्या गोळीचे दोन-तीन प्रकार बाजारात असतात आणि त्यांच्यातले घटक वेगळे असतात. ब्रँड विसरायचा आणि घटक बघायचे.

पहिली पायरी: नाक मोकळं करणारा घटक शोधा

पाकीट उलटं करा. मागे बारीक अक्षरात घटकांची नावं आणि प्रत्येकाचं मिलिग्रॅममधलं प्रमाण दिलेलं असतं. सिरप असेल तर हे प्रमाण साधारणपणे प्रत्येक 5 मिलीला किती, असं दिलेलं असतं. त्यात सगळ्यात आधी तीन नावं शोधायची: स्यूडोएफेड्रिन, फेनिलएफ्रिन आणि एफेड्रिन. रक्तदाबाच्या दृष्टीने सर्दीच्या औषधातला मुख्य संशयित हाच गट आहे. याला डीकंजेस्टंट म्हणतात, म्हणजे चोंदलेलं नाक उघडणारं औषध.

नाक चोंदतं ते शेंबडामुळे कमी आणि आतल्या अस्तराच्या सुजेमुळे जास्त. अस्तरातल्या रक्तवाहिन्या फुगतात आणि हवेची वाट अरुंद होते. डीकंजेस्टंट त्या वाहिन्या आकसवतं, सूज उतरते, श्वास मोकळा होतो. पण पोटातून घेतलेली गोळी फक्त नाकापुरती थांबत नाही. ती रक्तात मिसळून सगळीकडे जाते आणि हातापायांच्या, पोटातल्या वाहिन्याही थोड्याफार आकसवते. वाहिन्या आकसल्या की तेवढंच रक्त ढकलायला जास्त दाब लागतो. स्यूडोएफेड्रिन याच्या जोडीला मज्जातंतूंच्या टोकांतून नॉरअॅड्रेनालिन सोडवतं, त्यामुळे छातीत धडधडणं, झोप न लागणं, हात किंचित थरथरणं हेही होतं.

हा धोका किती मोठा आहे? स्यूडोएफेड्रिनवरच्या अनेक चाचण्यांचा एकत्रित आढावा 2005 साली प्रसिद्ध झाला होता. त्यात वरचा आकडा सरासरीने साधारण 1 मिमी वाढलेला दिसला आणि नाडी मिनिटाला जवळपास 3 ठोक्यांनी वाढलेली दिसली. हे वाचून कुणी म्हणेल, मग एवढी ओरड कशाला? एक तर ही सरासरी आहे. काही मोजक्या लोकांत वाढ याच्या कितीतरी पट होती. दुसरं, रक्तदाब असलेले जे लोक या चाचण्यांत होते त्यांचा दाब औषधांनी आटोक्यात होता. ज्यांचं बीपी आधीच 150-160 च्या वर रेंगाळतंय, गोळ्या अधूनमधून चुकतात, किडनी अधू आहे किंवा पूर्वी पक्षाघात झालाय, अशांना ती सरासरी लागू होत नाही. युरोपीय औषध नियामकांनी 2023-24 मध्ये फेरआढावा घेतला. मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या दुर्मिळ पण गंभीर विकारांची नोंद झाल्यामुळे, तीव्र किंवा आटोक्यात नसलेला रक्तदाब आणि तीव्र किडनीविकार असलेल्यांनी स्यूडोएफेड्रिन घेऊच नये, असं त्यांनी ठरवलं.

या घराण्यातला जुना सदस्य फेनिलप्रोपॅनोलॅमिन. मेंदूतल्या रक्तस्रावाशी संबंध दिसल्यामुळे 2000 साली अमेरिकेच्या नियामकांनी तो बाजारातून काढायला लावला. घरातल्या जुन्या डब्यात किंवा परदेशातून आणलेल्या औषधात हे नाव दिसलं तर ते फेकून द्या.

फेनिलएफ्रिनची गोष्ट जरा गमतीची आहे. पोटातून घेतलं की त्याचा बराचसा भाग आतड्यात आणि यकृतातच निकामी होतो, रक्तात पोहोचतो तो थोडाच. नेहमीच्या 10 मिलिग्रॅमच्या मात्रेत ते गोळी म्हणून नाक उघडतच नाही, असा निष्कर्ष अमेरिकेच्या तज्ज्ञ समितीने 2023 मध्ये काढला आणि 2024 मध्ये तिथल्या नियामकांनी ते अशा गोळ्यांतून वगळण्याचा प्रस्ताव मांडला. या मात्रेत बीपीवरचा परिणामही किरकोळच असतो. पण ज्याचा फायदा नाही असं औषध, थोडाही धोका पत्करून, का घ्यायचं? माझ्या मते रक्तदाब असलेल्याने फेनिलएफ्रिनची गोळी टाळायला एवढं एकच कारण पुरेसं आहे.

नावाचीही एक खूण असते. सेटिरिझिन, लोराटाडिन, फेक्सोफेनाडिन या अॅलर्जीच्या गोळ्या साध्या असतील तर बीपी वाढवत नाहीत. पण नावापुढे डी हे अक्षर आलं की बहुतेक वेळा त्यात स्यूडोएफेड्रिन मिसळलेलं असतं, आणि 12 तास चालणाऱ्या गोळीत ते 120 मिलिग्रॅमपर्यंत असतं. नेहमीची अॅलर्जीची गोळी संपली म्हणून दुकानदाराने तीच, पण डीवाली दिली आणि घेणाऱ्याला पत्ताच नाही, असं सहज घडतं.

नाकात मारायचे स्प्रे आणि थेंब वेगळे मोजायचे. ऑक्सिमेटॅझोलिन आणि झायलोमेटॅझोलिन हीदेखील डीकंजेस्टंटच आहेत. ती जागच्या जागी काम करतात आणि रक्तात कमी जातात, म्हणून गोळीपेक्षा बरी. तरीही त्यांच्या पाकिटावर रक्तदाब असल्यास डॉक्टरांना विचारा अशी सूचना असते, आणि ती उगाच नसते: जास्त फवारे मारले की औषध घशात उतरतं आणि गिळलं जातं. बीपी आटोक्यात असेल आणि रात्री नाक बंद झाल्यामुळे झोपच येत नसेल, तर डॉक्टरांना विचारून फक्त रात्रीचा एक डोस, तेही तीन दिवसांपेक्षा जास्त नाही, इतपत वापर समजू शकतो. चौथ्या-पाचव्या दिवसानंतर वेगळाच त्रास सुरू होतो. औषधाचा असर उतरला की अस्तर आधीपेक्षा जास्त सुजतं, माणूस पुन्हा फवारा मारतो आणि सर्दी जाऊन महिना झाला तरी स्प्रे सुटत नाही. म्हणजे तीन दिवसांचं औषध महिनोन्‌महिने अंगात जात राहतं.

दुसरी पायरी: अंगदुखीची गोळी कोणती आहे ते पाहा

डीकंजेस्टंटबद्दल थोडंफार अनेकांनी ऐकलेलं असतं. दुखण्यावरच्या गोळीकडे मात्र कुणी संशयाने पाहत नाही, आणि माझा अंदाज असा की प्रत्यक्षात जास्त घोळ तीच घालते. आयबुप्रोफेन, नॅप्रॉक्सेन, डायक्लोफेनॅक आणि असिक्लोफेनॅक ही सगळी एकाच गटातली, सूज उतरवणारी वेदनाशामकं. किडनीतून मीठ आणि पाणी बाहेर टाकायला शरीराला प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं लागतात. ही औषधं तीच बनू देत नाहीत. मग मीठ-पाणी शरीरात साठतं, घोट्यांवर सूज येते आणि रक्तदाब चढतो. नियमित घेतल्यास सरासरीने 3 ते 5 मिमी वाढ दिसते. वय जास्त असेल किंवा किडनी कमकुवत असेल तर याहून जास्त.

आणखी एक गोष्ट याहून महत्त्वाची. ही वेदनाशामकं तुमच्या बीपीच्या गोळीचं काम बोथट करतात. रामिप्रिल, एनालाप्रिलसारखी औषधं, टेल्मिसार्टन, लोसार्टनसारखी औषधं, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या आणि बीटा ब्लॉकर या सगळ्यांचा परिणाम त्यांच्यामुळे कमी होतो. अॅम्लोडिपिनवर मात्र तितका फरक पडत नाही. ज्याला टेल्मिसार्टन आणि लघवीची गोळी अशी जोडी चालू आहे, ताप आहे, पाणी कमी पोटात जातंय आणि वर आयबुप्रोफेन घेतलंय, त्याच्या किडनीवर तिन्ही बाजूंनी ताण येतो. लघवीचं प्रमाण एकदम घटलं तर वाट न पाहता डॉक्टरांना गाठायला हवं.

ताप-अंगदुखीसाठी रक्तदाबवाल्याने साधं पॅरासिटामॉल घ्यावं. प्रौढ माणसाला एका वेळी 500 ते 1000 मिलिग्रॅम, दोन डोसांत किमान चार ते सहा तासांचं अंतर, आणि 24 तासांत 4 ग्रॅमपेक्षा जास्त नाही. यकृताचा आजार असेल, दारू नियमित घेतली जात असेल किंवा वजन फार कमी असेल तर मर्यादा याहून खाली येते, ती डॉक्टरांना विचारावी. पॅरासिटामॉलही अगदी निष्पाप नाही. 2022 साली एडिनबरोमधून प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत रक्तदाब असलेल्या लोकांनी रोज 4 ग्रॅम असं दोन आठवडे घेतलं, तेव्हा वरचा आकडा सुमारे 5 मिमीने वाढला. पण सर्दी-तापात आपण ते दोन-तीन दिवस, लागेल तसं घेतो. रोज पूर्ण मात्रेत आठवडेच्या आठवडे घेणं ही वेगळी गोष्ट आहे.

तिसरी पायरी: पाण्यात फसफसणारी गोळी आणि ज्येष्ठमध

पाण्यात टाकली की बुडबुडे सोडत विरघळणारी गोळी प्यायला बरी वाटते. ते बुडबुडे येतात बहुतेक वेळा सोडियम बायकार्बोनेटमधून, म्हणजे त्यासोबत सोडियमही पोटात जातं. 500 मिलिग्रॅम पॅरासिटामॉलच्या अशा एका गोळीत साधारण 400 मिलिग्रॅम सोडियम असू शकतं. दिवसाला आठ गोळ्या घेतल्या, तर पॅरासिटामॉल मर्यादेतच राहतं, पण सोडियम होतं 3,200 मिलिग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी सांगितलेली मर्यादा आहे दिवसाला 2,000 मिलिग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे मिठाच्या हिशेबात 5 ग्रॅमपेक्षा कमी. नुसत्या औषधातून त्याच्या दीडपटीहून जास्त, जेवणातलं वेगळंच. व्हिटॅमिन सीच्या फसफसणाऱ्या गोळ्यांतही सोडियम असतं. आकडा ब्रँडगणिक बदलतो, पण पाकिटावर सहसा लिहिलेला असतो. त्याच औषधाची गिळायची गोळी मिळते, ती घ्यायची.

ज्येष्ठमध घशाला आराम देतो म्हणून खोकल्याच्या अनेक सिरपांत, चघळायच्या गोळ्यांत आणि काढ्याच्या चूर्णांत असतो. झाडपाल्याचं आहे म्हणून त्याला पाकिटावर कुणी इशारा शोधत नाही. त्यातलं ग्लिसिरायझिन किडनीतलं एक एन्झाइम अडवतं. हे एन्झाइम एरवी कॉर्टिसॉल या संप्रेरकाला निष्क्रिय करतं. ते अडलं की कॉर्टिसॉल किडनीला मीठ धरून ठेवायचा हुकूम देऊ लागतं, आणि त्या बदल्यात पोटॅशियम लघवीवाटे निघून जातं. एखाद दिवशी एक-दोन गोळ्या चघळल्याने काही होत नाही. पण दिवसातून चार-पाच वेळा, आठवडा-दोन आठवडे चालू राहिलं की बीपी चढू लागतं आणि पोटॅशियम उतरतं. हायड्रोक्लोरोथायझाइडसारखी लघवीची गोळी आधीच पोटॅशियम कमी करत असते, म्हणून तिच्या जोडीला ज्येष्ठमध नकोच. स्नायूत पेटके, पायांत अशक्तपणा, छातीत ठोका चुकल्यासारखं वाटणं या खुणा दिसल्या तर पोटॅशियम तपासून घ्यावं. ज्येष्ठमध बंद केल्यावरही परिणाम लगेच जात नाही, काही दिवस ते दोन-तीन आठवडे रेंगाळतो.

याशिवाय काही सर्दीच्या गोळ्यांत कॅफिन असतं, साधारण 30 मिलिग्रॅम. एवढ्याने फार बिघडत नाही, पण डीकंजेस्टंटच्या जोडीला ते धडधड वाढवतं. छाती भरली असताना दिल्या जाणाऱ्या काही सिरपांत साल्ब्युटामॉल किंवा टर्ब्युटालिन असतं. ते श्वासनलिका सैल करतं, दम्यात लागतंही, पण साध्या खोकल्यात नाडी पळवण्यापलीकडे फारसं काही साधत नाही.

चौथी पायरी: एकेका तक्रारीला एकच साधं औषध

आता पाकिटात चालण्यासारखं काय उरतं? खरं तर बरंच. वाहतं नाक आणि शिंकांसाठी सेटिरिझिन किंवा लोराटाडिन, साधी, डी नसलेली. क्लोरफेनिरामिनही बीपी वाढवत नाही, पण झोप आणतं, तोंड कोरडं करतं, आणि प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांची लघवी अडवू शकतं. कोरड्या खोकल्यासाठी डेक्स्ट्रोमेथॉर्फन एकटं असेल तर बीपीच्या दृष्टीने चालतं. कफ सुटण्यासाठी ग्वायफेनेसिन, अॅम्ब्रॉक्सॉल, ब्रोमहेक्सिन यांचाही रक्तदाबाशी संबंध नाही. अडचण एवढीच की यातलं प्रत्येक औषध बाजारात एखाद्या डीकंजेस्टंटच्या संगतीतही मिळतं. म्हणून दुकानात मागताना सर्दीची गोळी द्या असं म्हणू नका. मला रक्तदाब आहे, त्यावर अमुक गोळी चालू आहे, फेनिलएफ्रिन आणि स्यूडोएफेड्रिन नसलेलं, फक्त कोरड्या खोकल्याचं द्या, असं म्हणा. वाक्य लांब आहे, पण समोरच्याला हात कुठे घालायचा ते कळतं.

एक सूचना मात्र काटेकोर पाळायची. पार्किन्सनसाठी सेलेजिलिन किंवा रासाजिलिन चालू असेल, नैराश्यासाठी फेनेल्झिनसारखं जुन्या धाटणीचं औषध चालू असेल, किंवा लिनेझोलिड हे प्रतिजैविक चालू असेल, तर डीकंजेस्टंट आणि डेक्स्ट्रोमेथॉर्फन दोन्ही वर्ज्य. इथे दोन-पाच मिमीचा प्रश्न नसतो. दाब काही तासांत जिवावर बेतेल इतका चढू शकतो. सेलेजिलिन, रासाजिलिन किंवा फेनेल्झिन थांबवल्यावरही दोन आठवडे हा धोका राहतो. प्रोप्रॅनोलॉल घेणाऱ्यांनीही डीकंजेस्टंटच्या वाटेला जाऊ नये.

नाक उघडायला औषधाशिवायचा सगळ्यात भरवशाचा उपाय म्हणजे मिठाच्या पाण्याने नाक धुणं. एक लिटर पाणी खळखळून उकळून कोमट होऊ द्या, त्यात 9 ग्रॅम साधं मीठ विरघळवा. वजन करणं जमत नसेल तर मापून मिळणाऱ्या तयार पुड्या किंवा सलाइनचा तयार स्प्रे घ्या. अंदाजाने केलेलं पाणी कमी-जास्त खारट झालं की नाकात झोंबतं आणि माणूस दुसऱ्यांदा करत नाही. नळाचं पाणी न उकळता वापरू नका. नाकातून शिरणारे काही जंतू दुर्मिळ असले तरी जीवघेणे असतात. डोकं वाकवून एका नाकपुडीतून पाणी हळू सोडा, दुसरीतून बाहेर येऊ द्या. तेव्हा तोंडाने श्वास घ्या. हे मीठ बीपीला चालतं का, असा प्रश्न बरेच जण विचारतात. पाणी बाहेर पडतं, गिळलं जात नाही, त्यामुळे चालतं. रात्री उशी एकाने वाढवली तरी नाक थोडं मोकळं राहतं. खोकल्यावर झोपण्याआधी चमचाभर मध बरा, फक्त मधुमेह असेल तर तो हिशेबात धरा.

एक उदाहरण घेऊन हिशेब

समजा 61 वर्षांचे एक गृहस्थ आहेत. रोज टेल्मिसार्टन 40 आणि हायड्रोक्लोरोथायझाइड 12.5 घेतात, घरी बीपी 130/80 च्या आसपास राहतं. प्रोस्टेट थोडं वाढलेलं आहे. सर्दीच्या दुसऱ्या दिवशी त्यांच्यापुढे चार वस्तू आहेत. पहिली, सर्दीची गोळी, दिवसातून तीनदा: पॅरासिटामॉल 500, फेनिलएफ्रिन 10, क्लोरफेनिरामिन 2, कॅफिन 30. दुसरी, खोकल्याचं सिरप, तीनदा 10 मिली: दर 5 मिलीला डेक्स्ट्रोमेथॉर्फन 10, फेनिलएफ्रिन 5, क्लोरफेनिरामिन 2. तिसरी, अंग दुखतं म्हणून आयबुप्रोफेन 400, दोनदा. चौथी, व्हिटॅमिन सीची फसफसणारी गोळी.

आता बेरीज करा. गोळीतून फेनिलएफ्रिन 30 मिलिग्रॅम. सिरपच्या 10 मिलीत 10, तीन वेळा म्हणजे आणखी 30. एकूण 60, आणि प्रौढांसाठी पाकिटावर दिलेली दिवसाची कमाल मर्यादा सहसा एवढीच असते. दोन वेगळी औषधं घेतोय असं त्यांना वाटतंय, प्रत्यक्षात एकच औषध दुप्पट जातंय. क्लोरफेनिरामिन गोळीतून 6 आणि सिरपमधून 12, मिळून 18 मिलिग्रॅम. दिवसभर पेंग आणि लघवीला जोर लावावा लागणं याचं उत्तर इथे आहे. डीकंजेस्टंटही मूत्राशयाच्या तोंडाशी असलेले स्नायू आवळतं, म्हणजे त्रासात भर.

संध्याकाळी बीपी 158/94 येतं. कशामुळे किती वाढलं हे वेगळं काढता येणार नाही. फेनिलएफ्रिनचा वाटा कदाचित सगळ्यात लहान असेल; आयबुप्रोफेनने टेल्मिसार्टन बोथट केलंय, फसफसणाऱ्या गोळीने सोडियम दिलंय, आणि ताप, खोकला, मोडलेली झोप यांनीही दाब चढतोच. म्हणून एकच काहीतरी काढून बघत बसायचं नाही. चारही वस्तू बाजूला ठेवायच्या. पॅरासिटामॉल 500 ची साधी गोळी, ताप किंवा अंगदुखी असेल तेव्हाच. दिवसातून दोन-तीनदा नाक धुणं. रात्री कोरडा खोकला झोपू देत नसेल तरच, फक्त डेक्स्ट्रोमेथॉर्फन असलेलं सिरप, बाटलीवरच्या मात्रेत. व्हिटॅमिन सी सुरू झालेल्या सर्दीला फारसं काही करत नाही, ते सोडूनच द्यायचं. टेल्मिसार्टनची गोळी नेहमीच्या वेळी, नेहमीइतकीच; आकडा जास्त आला म्हणून स्वतःच एक जादा गोळी घेणं हा उपाय नाही, ताप उतरला की दाब झपकन खाली येऊन चक्कर येऊ शकते. उलट्या-जुलाब सुरू झाले किंवा पाणीच पोटात टिकत नसेल, तर टेल्मिसार्टन आणि लघवीची गोळी काही दिवस थांबवायची का, हे डॉक्टरांना त्याच दिवशी विचारायचं.

फेनिलएफ्रिन काही तासांत अंगातून जातं. स्यूडोएफेड्रिन असतं तर साधारण एक दिवस धरावा लागला असता, किडनी अधू असल्यास आणखी जास्त. आयबुप्रोफेनमुळे साठलेलं मीठ-पाणी निघायला काही दिवस लागतात, म्हणून दुसऱ्याच सकाळी 130 दिसलं नाही तर घाबरायचं कारण नाही.

आधीच घेऊन झालं असेल तर

एक डोस घेतला गेला आणि नंतर मागची बाजू वाचली, हे नेहमीचंच आहे. पुढचा डोस घेऊ नका आणि बीपी नीट मोजा. नीट म्हणजे: मोजण्याआधी अर्धा तास चहा-कॉफी नाही, तंबाखू नाही, लघवीला जाऊन या, पाच मिनिटं पाठ टेकून गप्प बसा, पाय जमिनीवर, दंड हृदयाच्या पातळीला टेकवलेला. खोकल्याची उबळ नुकतीच येऊन गेली असेल तर थांबा, कारण उबळीने आकडा क्षणभर वर जातो. मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजा आणि दोन्ही आकडे, वेळ आणि शेवटचा डोस कधी घेतला ते लिहून ठेवा. पुढचे तीन-चार दिवस सकाळी गोळीच्या आधी आणि संध्याकाळी असं मोजत राहा.

नेहमीपेक्षा 10-20 ने जास्त आणि बाकी काही त्रास नाही, तर बहुतेक वेळा औषध थांबवणं पुरेसं असतं. दोन-तीन दिवसांनंतरही 150-160 च्या वरच असेल तर डॉक्टरांना दाखवा. 180/120 च्या वर आलं तर पाच मिनिटांनी पुन्हा मोजा; तसंच असेल आणि दुसरा त्रास नसेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला. छातीत दुखणं, दम लागणं, अचानक आलेली असह्य डोकेदुखी, धूसर दिसणं, बोलताना जीभ अडखळणं, हात-पाय लुळा पडणं, गोंधळल्यासारखं वागणं यातलं काहीही असेल तर आकडा कितीही असो, घरी थांबायचं नाही, थेट रुग्णालय.

सर्दी गेली, खोकला राहिला

शेवटी एक प्रकार असा, ज्यात खोकल्याचं औषधच चुकीच्या आजाराला चालू असतं. एनालाप्रिल, रामिप्रिल, लिसिनोप्रिल, पेरिंडोप्रिल अशा, प्रिलवर संपणाऱ्या बीपीच्या गोळ्यांमुळे दहातल्या साधारण एकाला कोरडा, घशात खवखवणारा खोकला होतो. गोळी सुरू केल्यानंतर काही दिवसांत होतो, कधी कित्येक महिन्यांनीही. कफ नाही, ताप नाही, नाक वाहत नाही. आडवं झालं की जास्त. अशा माणसाला मधेच एखादी सर्दी होऊन गेलेली असते, त्यामुळे खोकला सर्दीचाच आहे असं वाटतं आणि सिरपच्या बाटल्या एकामागून एक संपत राहतात. त्यातल्या एखाद्यात फेनिलएफ्रिन, दुसरीत ज्येष्ठमध. म्हणजे बीपीच्या गोळीने आणलेल्या खोकल्यासाठी बीपी वाढवणारं औषध.

सर्दी उतरून तीन आठवडे झाले, खोकला कोरडाच आहे आणि तुमची गोळी प्रिलवाली आहे, तर नवं सिरप आणू नका. गोळीही आपल्या मनाने बंद करू नका. डॉक्टरांकडे गोळीची पट्टी घेऊन जा आणि खोकला त्या गोळीमुळे असेल का, असं थेट विचारा. इतर कारणं तपासून ते बहुधा लोसार्टन किंवा टेल्मिसार्टनच्या गटातली गोळी देतील, तिने हा खोकला सहसा होत नाही. बदलल्यावर खोकला एक ते चार आठवड्यांत ओसरतो, क्वचित तीन महिनेही लागतात. जिभेला, ओठांना किंवा चेहऱ्याला सूज आली तर मात्र अपॉइंटमेंटची वाट पाहायची नाही. तोही याच गोळ्यांचा दुष्परिणाम आहे, आणि त्यात श्वास अडू शकतो.